कवितेत ‘दुःख’ लिहू नका असं का सांगतात? नव्याने लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने कविता लिहिणाऱ्यांच्या वह्या मी बरीच वर्षं वाचते आहे. समासात पेन्सिलने सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ‘म्हणजे काय झालं?’ हे तीन शब्द. ते ‘दुःख’, ‘वेदना’, ‘एकाकीपण’ अशा शब्दांच्या शेजारी असतात. मग वहीचे मालक विचारतात, काही चिडूनसुद्धा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. क्रमाने वाचायची सक्ती नाही, पण चौथ्या प्रश्नातली कविता पुढेही येते, तेवढी आधी वाचून घ्या.

१. कवितेत ‘दुःख’ हा शब्द आला तर नेमकं बिघडतं काय?

बैल विकून आलेल्या शेतकऱ्याला दुःख होतं. बारावीत नापास झालेल्या मुलाला होतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर एकटी राहिलेल्या बाईला होतं. या तिघांच्या मनात चाललेल्या गोष्टींचा एकमेकींशी जवळपास काहीच संबंध नाही, पण आपल्याकडे तिघांसाठी शब्द एकच. तुम्ही तो कवितेत लिहिता तेव्हा तुमच्यापुरती गोष्ट तुम्हाला पूर्ण दिसत असते, कारण ती तुमच्यावर गुदरलेली असते. वाचकाच्या हाती मात्र फक्त लेबल पडतं. बरणीत काय आहे ते त्याला दिसत नाही.

आता असं बघा. बैल विकून आलेला माणूस पहाटे सवयीने उठतो, कडब्याची पेंढी उचलतो आणि गोठ्याच्या दारापर्यंत जातो. एवढंच. इथे ‘दुःख’ कुणी म्हटलं नाही. ते वाचकाने स्वतः म्हटलं, आणि ते या माणसाचंच होतं, नापास मुलाचं नव्हतं. पेंढी हातात घेऊन उभा राहिलेला माणूस दिसला की पुढचं काम वाचकाचं मन करतं. ‘त्याला फार दुःख झालं’ असं लिहिलं की ते काम आपण त्याच्या हातून काढून घेतो. मग त्याला करायला काही उरत नाही आणि तो पान उलटतो.

नवशिक्याच्या कवितेत हा तोटा जास्त जाणवतो, कारण अशा शब्दांना आधार देईल असं दुसरं काही तिथे अजून नसतं. मुरलेला कवी हा शब्द कसा पेलतो, ते नवव्या प्रश्नात आहे.

२. अमूर्त शब्द म्हणजे कोणते? यादी मिळेल का?

यादी दिली की लोक ती पाठ करतात आणि यादीबाहेरचा तसलाच शब्द घेऊन येतात. त्यापेक्षा एक कसोटी सांगते. तुमची ओळ नाटकवाल्याच्या हातात दिली आणि ‘ही रंगमंचावर मांडून दाखव’ म्हटलं, तर तो काय आणून ठेवेल? ‘ओल्या छत्रीखाली फरशीवर साचलेलं पाणी’ म्हटलं तर तो छत्री आणेल. ‘एकाकीपणाची जाणीव’ म्हटलं तर तो तुमच्याचकडे बघत राहील.

या कसोटीवर दुःख, वेदना, विरह, प्रेम, नैराश्य हे तर अडकतातच. पण नवी माणसं ज्यांच्याकडे संशयाने बघत नाहीत असे शब्द वेगळेच असतात: मन, जीवन, आयुष्य, आठवण, स्वप्न, नियती, अस्तित्व. ‘मन’ तर दर चौथ्या ओळीत असतं. एखाद्या कवितेतली सगळी ‘मनं’ खोडून बघा. बहुतेक वेळा कवितेचं काही जात नाही, फक्त मात्रा चुकतात.

काही विशेषणंही याच घरातली. अनामिक, अथांग, भयाण, अव्यक्त. ती काही दाखवत नाहीत, ‘हे फार मोठं आहे हं’ एवढंच वाचकाला बजावतात.

३. मी नुसतं ‘दुःख’ नाही, ‘दुःखाचा डोंगर’ लिहिलंय. डोंगर तर मूर्त आहे ना?

शब्दकोशात आहे, तुमच्या ओळीत नाही. मराठीत ‘चा-ची-चे’ लावून अमूर्ताला एखादी वस्तू जोडणं फार सोपं पडतं: वेदनेचा सागर, आठवणींचा हिंदोळा, स्वप्नांचा चुराडा, विरहाची आग. जोडी लागली की प्रतिमा झाली असं वाटतं. पण हे जोडशब्द इतके वापरून झालेत की डोंगर म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे दगड येत नाही, चढ येत नाही, धाप येत नाही. त्याचा अर्थ फक्त ‘पुष्कळ’ एवढाच उरलेला असतो.

तपासायची रीत सोपी आहे. जोडीतला अमूर्त शब्द झाका आणि उरलेली वस्तू कवितेत खरोखर हजर आहे का ते पाहा. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर मन झुलते’ यातून आठवणी काढल्या की हिंदोळ्यावर कोण बसलंय? कुणीच नाही. हिंदोळा कुठे टांगलाय? कुठेच नाही. त्याउलट माजघरात खरोखरचा झोपाळा असेल, त्याची एक कडी कुरकुरत असेल आणि आजोबा गेल्यापासून ती कुरकुरायची थांबली असेल, तर ‘आठवण’ लिहायचं कारणच राहत नाही. झोपाळा खरा असला की तो आपलं काम करतो.

४. एखादी खरी कविता दुरुस्त करून दाखवाल का? नुसता सल्ला कळत नाही.

दाखवते. अकरावीतल्या एका मुलीची ही कविता. वडील गेल्यानंतर महिनाभराने लिहिलेली. तिला विचारून इथे देते आहे. पहिला खर्डा असा होता:

बाबा, तुमच्या जाण्याने
दुःखाचा डोंगर कोसळला,
एकटेपणाच्या अंधारात
जीव माझा हरवला.
आठवणींच्या वेदनांनी
मन व्याकूळ झाले,
तुमच्याविना हे जीवन
अर्थहीन झाले.

यातलं एक अक्षर खोटं नाही. तरीही ही कविता महाराष्ट्रातली कुठलीही मुलगी आपल्या वहीत उतरवून घेऊ शकते, आणि तिच्या वडिलांचं नाव बदलायचीही गरज पडणार नाही. या आठ ओळींत बाबा कुठेच नाहीत.

मी तिला विचारलं, बाबा गेल्यावर घरात काय बदललं? ती म्हणाली, काहीच नाही, सगळं तसंच आहे. तसंच म्हणजे कसं? थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, ‘म्हणजे आई भातसुद्धा तेवढाच लावते.’ आणि पुढे, ‘मग तो उरतो, मग सकाळी त्यालाच फोडणी.’ हे बोलताना तिला आपण कवितेविषयी बोलतोय असं वाटत नव्हतं.

दुसरा खर्डा आला त्यात भात होता, पण सोबत बाबांचा चष्मा, रिकामी खुर्ची, दाराबाहेरच्या चपला, गाडीची किल्ली आणि फोटोला घातलेला हारही होता. मूर्त वस्तू लिहा म्हटल्यावर तिने सापडेल ती वस्तू आणली होती. एकेक वस्तू उचलून आम्ही एकच विचारत गेलो: ही दुसऱ्या कुणाच्या घरात अशीच असेल का? चष्मा आणि खुर्ची लगेच गेली. हार गेला. किल्लीवर ती अडून बसली, कारण ती खरोखर रोज किल्लीकडे बघायची. पण किल्लीचं पुढे काही होत नव्हतं, ती नुसती खिळ्याला लटकत होती. भाताचं मात्र रोज काहीतरी होत होतं: लावला जात होता, उरत होता, सकाळी रंग बदलून डब्यात येत होता. किल्ली काढली.

त्या खर्ड्याच्या शेवटी ‘उरलेल्या भातात उरलेले बाबा’ अशी ओळ होती. ऐकायला टाळीची. पण ती वाचली की वाटतं, मुलगी भाताकडे बघायची थांबली आणि स्वतःच्या हुशारीकडे बघायला लागली. तीही काढली. त्या जागी काय घालायचं ते सुचत नव्हतं. मग बोलताबोलता तिने सहज सांगितलं की कॉलेजात मैत्रिणीला तिच्या डब्याचा हेवा वाटतो. तिसरा खर्डा:

बाबा गेल्यावर

भात तेवढाच लावते आई.
उरतो.
सकाळी माझ्या डब्यात
पिवळा, कढीपत्त्याचा.

महिना झाला.
मैत्रीण म्हणते, तुझी मज्जा आहे,
रोज फोडणीचा भात.

एकही अमूर्त नाम नाही. ‘मज्जा’ आहे, पण ती मैत्रिणीच्या तोंडी आहे आणि चुकीच्या जागी आहे, म्हणूनच टोचते. आईला काय वाटतं ते लिहिलेलं नाही, पण तिचा हात महिनाभर तेवढेच तांदूळ मोजतो आहे हे आपण पाहिलं. मुलीने मैत्रिणीला काय उत्तर दिलं तेही नाही. ते देता येत नाही, हेच तर कवितेत आहे.

५. मला अशा प्रतिमा सुचतच नाहीत. त्या शोधायच्या कुठे?

सुचण्याची वाट पाहिली तर पानगळ आणि मावळता सूर्य सुचतात, कारण ते आपण वाचलेले असतात. आठवायला बसलात तर बरं. दोन्ही क्रिया वेगळ्या आहेत. वरच्या मुलीला भात सुचला नव्हता, तो तिच्या घरात रोज शिजत होता.

आठवताना मोठा प्रसंग धरू नका. अंत्ययात्रा, निरोप, शेवटची भेट अशा वेळी सगळ्यांना सारखंच दिसतं. त्यानंतरचा एखादा साधा मंगळवार धरा आणि त्यातली मापं, वेळा आणि जागा आठवा. किती दूध घेतलं? कुणाच्या हातात पिशवी होती? कोणती गोष्ट सवयीने चालू राहिली आणि कोणती कुणी न सांगता बंद पडली? माणूस गेल्यावर, नोकरी गेल्यावर, प्रेम मोडल्यावर शरीराच्या सवयी काही दिवस जुन्या हिशोबानेच चालतात, आणि त्या जुन्या-नव्या हिशोबात जो फरक पडतो तिथे हमखास काहीतरी सापडतं. सायकल आपोआप जुन्या गल्लीत वळते. दोन तिकिटं मागितली जातात.

सरावासाठी मी पंधरा मिनिटांचं काम देते. एक खोली निवडायची आणि फक्त तिथे घडलेल्या क्रिया लिहायच्या. भावनेचं एकही नाव नाही, ‘जसं’, ‘जणू’ नाही. पहिली पाच मिनिटं पलंग, कपाट, पंखा असं सामान येतं. साधारण दहाव्या मिनिटाला सामान संपतं आणि मग जे येतं ते बघण्यासारखं असतं.

६. पाऊस, अश्रू, विझलेली पणती, गळणारी पानं हेही मूर्तच आहे. ते चालेल का?

मूर्त आहे, पण झिजलेलं आहे. तिसऱ्या प्रश्नातल्या डोंगरासारखीच गत. पणती विझली म्हटल्यावर वाचकाला वात, तेल, धूर यातलं काही दिसत नाही. ‘इथे दुःखी व्हायचं’ अशी पाटी दिसते. म्हणजे आपण फिरून अमूर्तावरच आलो.

पावसावर माझा राग नाही. पाऊस हवाच असेल तर तो कुठल्या तरी गावात पडू दे. पत्र्यावरचा पाऊस आणि कौलांवरचा पाऊस यांचा आवाज वेगळा असतो. पागोळीखाली बादली ठेवणारं घर वेगळं आणि गॅलरीत कपडे काढायला धावणारं घर वेगळं. एवढा एक तपशील आला की झिजलेली वस्तू पुन्हा नवी होते. डोळ्यांतल्या अश्रूंचं मात्र मी शक्यतो काढूनच टाका म्हणते. कवितेतलं पात्र रडलं की वाचक सुटतो, त्याच्या वाटचं ते आधीच रडलेलं असतं.

७. दुःख शब्द काढला आणि वाचकाला काही कळलंच नाही तर?

ही भीती रास्त आहे. पण भावना लपवायची आणि वस्तुस्थितीही लपवायची, असा गोंधळ बरेच जण करतात. ‘बाबा गेले’ ही वस्तुस्थिती आहे. ती सरळ सांगायची, शीर्षकात सांगितली तर उत्तमच. वरच्या कवितेचं शीर्षक झाकून वाचा: भात उरतो, मैत्रीण काहीतरी म्हणते, आणि आपण अंधारात. शीर्षक वाचलं की प्रत्येक ओळ जागेवर बसते. कोण, कुठे, काय झालं हे सांगताना कंजुषी करू नका. काय वाटलं ते मात्र वाचकावर सोडा.

यापलीकडे थोडी अनिश्चितता उरली तर उरू द्या. बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींची आहे. त्यात निळासांवळा झरा आहे, चार घरांचं गाव आहे, हिरवी शेतं आहेत, पांढरी पायवाट आहे, ती काळ्या डोहाकडे जाते, आणि शेवटी पाय पाण्यात टाकून बसलेलं झाड आहे. कवीला काय वाटलं ते एका शब्दाने सांगितलेलं नाही. या झाडाचा अर्थ काय यावर मराठी समीक्षक कितीतरी वर्षं वाद घालत आले आहेत. पण हिरव्यातून काळ्याकडे जाताना आत काहीतरी उतरत जातं, याबद्दल वाद नाही. अर्थाबद्दल दुमत होऊनही अनुभव पोचला, तर कविता पोचली.

८. निदान शेवटच्या ओळीत तरी भावना सांगू का?

सगळ्यात जास्त कविता याच जागी पडतात. बारा ओळी नीट दाखवत आलेला माणूस तेराव्या ओळीला घाबरतो आणि ‘असे हे माझे एकटेपण’ लिहून टाकतो. विनोद सांगून झाल्यावर तो समजावून सांगणारा माणूस तुम्ही पाहिला असेल.

शेवटची ओळ बोटाने झाकून कविता वाचा. काही हरवलं का? नसेल, तर कविता आधीच संपलेली होती. हे दोन-तीन ओळी मागेपर्यंत करत जा. मला सापडलेले चांगले शेवट बहुतेक वेळा खर्ड्यात शेवटून तिसऱ्या ओळीवर असतात.

९. तुकोबांनी ‘दुःख पर्वताएवढें’ म्हटलंय. बालकवींची तर ‘उदासीनता’ नावाचीच कविता आहे. मग आम्हालाच का मनाई?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं वाचन चांगलं आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वता एवढें’ ही ओळ नीट पाहा. पर्वत तोच झिजलेला आहे. सगळी ताकद ‘जवापाडें’मध्ये आहे. सुख केवढं, तर जवाच्या दाण्याएवढं. चिमटीत मावणारा दाणा आधी हातावर ठेवला आणि मग शेजारी पर्वत उभा केला. इथे सुख आणि दुःख ही भावनांची वर्णनं नाहीतच, ती तराजूची दोन पारडी आहेत. पारड्यांना नावं लागतात. शिवाय हे विधान आहे, एका माणसाच्या एका संध्याकाळची गोष्ट नाही. आणि जिथे तुकोबांना स्वतःची तगमग सांगायची असते तिथे ते काय करतात? ‘कन्या सासुर्‍यासी जाये । मागें परतोनी पाहे’. सासरी निघालेली मुलगी वळून मागे बघते. ‘तैसें जालें माझ्या जिवा’ म्हणून ते पुढे सरकतात, आणि विरह, भक्ती यातलं एकही नाव न घेता आईपासून चुकलेलं बाळ आणि पाण्याबाहेरची मासोळी दाखवतात.

बालकवींचं वेगळं आहे. ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’ या कवितेचा विषयच मुळी कारण न सापडणं हा आहे. कारण असतं तर प्रसंग दाखवता आला असता. इथे प्रसंगच नाही, काहीतरी बोचतंय पण काय ते समजत नाही, आणि ती समजत नसल्याची तक्रार कवितेत आहे. म्हणून नाव घेणं भागच होतं. तुमच्या उदासीला जर स्पष्ट कारण असेल, तर ही सवलत तुम्हाला लागू होत नाही. आणि एक बारीक गोष्ट: हाच माणूस ‘औदुंबर’ही लिहून गेला. दोन्ही रस्ते त्याला येत होते.

१०. हुरहूर, तळमळ, घालमेल, काहूर हे शब्दही अमूर्तच ना? तेही काढायचे?

घाईने काढू नका. हे मराठीचं एक सुख आहे. ‘दुःख’, ‘वेदना’, ‘नैराश्य’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द जरा लांबून बोलतात. ‘घालमेल’मध्ये मात्र काहीतरी आत-बाहेर होतंय, ‘कालवाकालव’मध्ये कुणीतरी कालवतंय, ‘तगमग’ आणि ‘तळमळ’ यांत अंग कुशीवरून कुशीवर वळतं. अर्धा अर्थ त्यांच्या आवाजात असतो. तुकोबांनी त्या अभंगात बाळ ‘हुरू हुरू पाहे’ असं म्हटलंय आणि शेवट ‘तैसा तुका तळमळी’ने केलाय, तो या बळावर. पण लक्षात घ्या, तळमळ आली ती मासोळीनंतर. मासा आधी पाण्याबाहेर पडला, मगच शब्द आला.

माझा व्यवहार असा: संस्कृत वळणाचं भावनेचं नाव दिसलं की खोडते, देशी वळणाचं दिसलं की त्याच्या आधी काही दाखवलंय का ते बघते. ‘काहूर’ मात्र हल्ली गाण्यांमुळे फार झिजलंय, त्याला सुट्टी द्या.

११. हे ‘दाखवा, सांगू नका’ प्रकरण इंग्रजी कार्यशाळांमधून आलेलं फॅड नाही का?

ती घोषणा तिकडून आली असेल, विचार आपल्याकडे जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हेच मांडलं: ‘शृंगार’ असा शब्द नुसता उच्चारला म्हणून वाचकाला शृंगाराचा अनुभव येत नाही. तो येतो विभाव आणि अनुभावांमधून, म्हणजे भावनेला कारण होणाऱ्या गोष्टी आणि तिचे अंगावर दिसणारे परिणाम यांच्यातून. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोष मोजले, त्यात सुरुवातीलाच रसाचं किंवा भावाचं थेट नाव घेणं हा दोष ठेवला. आमची भाताची कविता त्यांच्या भाषेत सांगायची तर मेलेले बाबा हा विभाव, आईचा तेवढेच तांदूळ मोजणारा हात हा अनुभाव. ‘शोक’ हा शब्द लिहायचा नाही.

मला मम्मट आवडतो तो त्याच्या अपवादामुळे. तो म्हणतो, क्वचित संचारी भावाचं, म्हणजे मुख्य भावनेच्या ओघात येऊन-जाऊन असणाऱ्या भावनेचं, नाव घेतलं तरी दोष नाही, आणि औत्सुक्याचं उदाहरण देतो. नवी नवरी ‘औत्सुक्याने’ घाई करते. नुसती घाई दाखवली असती तर ती भीतीनेही होऊ शकते. बाह्य खूण दोन भावनांची असू शकत असेल आणि त्यातली कोणती ते कळणं आवश्यक असेल, तर नाव घ्यावं. आजही मी हाच निकष लावते. वहीत ‘तिने फोन उलटा ठेवला’ असं असतं आणि तो राग आहे की लाज ते काही केल्या ठरत नाही, तेव्हा ‘लाजून’ हा एक शब्द मी स्वतः सुचवते.

१२. एका कवितेत किती प्रतिमा असाव्यात?

आकडा नाही. लहान कवितेत एकच वस्तू बदलत नेणं नवशिक्याला झेपतं. चौथ्या प्रश्नातल्या दुसऱ्या खर्ड्यात सहा वस्तू होत्या आणि प्रत्येकीला एकेक ओळ मिळाली होती, त्यामुळे कुठलीच नीट दिसत नव्हती. दोन वस्तू असतील तर त्यांची एकमेकींशी गाठ पडू द्या.

१३. गझलेत तर दुःख, वेदना, आयुष्य सर्रास येतात. तिथे काय करायचं?

शेरात दोनच ओळी असतात आणि पुष्कळदा पहिली दावा करते, दुसरी पुरावा देते. दाव्यात अमूर्त शब्द खपतो, पुरावा मात्र डोळ्यांना दिसणारा लागतो. दोन्ही ओळींत दावाच असेल तर शेर सुविचार होतो. यापुढे वृत्त आणि काफियाच्या अडचणी येतात, तो वेगळा विषय आहे.

१४. घरातल्या इतक्या खासगी गोष्टी लिहायच्या म्हणजे घरच्यांना वाईट नाही वाटणार?

वाटू शकतं. ‘दुःखाचा डोंगर’ कुणालाही वाचून दाखवता येतो, कारण त्यात कुणीच सापडत नाही. तपशील लिहिलात की माणसं सापडतात. त्यामुळे जे जिवंत आहेत आणि कवितेत ओळखू येतात त्यांना छापण्याआधी कविता दाखवावी, असं मी सांगते. परवानगीचा भाग आहेच, पण आणखी एक उपयोग होतो. चुकीचा तपशील त्यांना लगेच कळतो.

भाताची कविता त्या मुलीने आईला वाचून दाखवली. आई भाजी निवडत होती. भात उरतो, महिना झाला, मैत्रीण, या सगळ्यावर काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘कढीपत्ता कुठला घातलास? कढीपत्ता हेच आणायचे, येताना भाजीवाल्याकडून मागून. महिनाभर घरात नव्हता.’

मुलीने फोडणीचा भात म्हणजे कढीपत्ता असणारच, अशा सवयीने तो शब्द लिहिला होता. त्याच रात्री तिने ती ओळ खोडली. आता तिथे आहे: ‘पिवळा, नुसता हळदीचा.’